महिन्याचे 80 तास आणि कमी-जास्त भरणारे आठवडे

प्रश्न: पुण्यात आमचा दातांचा दवाखाना आहे. रिसेप्शनला एक मुलगी अर्धवेळ येते. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार, संध्याकाळी 5 ते 9. बुधवारी तिचा क्लास असतो. महिन्याला 80 तास ठरलेत आणि पगार त्यावरच आहे. आठवड्याला 20 तास होतात, म्हणजे हिशेब जुळायला हवा. पण महिनाअखेरीस कधी 72 निघतात, कधी 88. आता ऑक्टोबर 2025 मध्ये दवाखाना 2 तारखेला आणि 20 ते 23 बंद राहणार आहे, शिवाय ती 24-25 ला गावी जायचं म्हणतेय. तिची ड्युटी कशी लावू?

उत्तर:

आधी चूक कुठे आहे ते पाहू, कारण ती ऑक्टोबरची नाही, दर महिन्याची आहे. 20 गुणिले 4 बरोबर 80 हे फक्त 28 दिवसांच्या फेब्रुवारीत खरं असतं. बाकीच्या अकरा महिन्यांत चार आठवडे होऊन वर दोन-तीन दिवस उरतात, आणि ते तिच्या कामाच्या वारांना आले की तास वाढतात. वर्षाचा हिशेब केला तर फरक डोळ्यांत भरतो. आठवड्याला 20 तास म्हणजे 52 आठवड्यांत 1040. महिन्याला 80 म्हणजे वर्षाला 960. तफावत 80 तासांची. सुट्ट्या वजा न करता हे वेळापत्रक वर्षभर चालवलं, तर ती मुलगी बारा महिन्यांच्या पगारात तेरा महिन्यांचं काम करेल. माझ्या अनुभवात अर्धवेळ माणसं "जमत नाही" म्हणून सोडून जातात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात नेमकं हेच साठलेलं असतं. त्यांना ते आकड्यांत मांडता येत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट सुट्ट्यांची. तुमचे 72 आणि 88 हे दोन्ही आकडे एकट्या ऑक्टोबरमधून निघू शकतात. या महिन्यात तिचे वार मोजा: सोमवार 4, मंगळवार 4, गुरुवार 5, शुक्रवार 5, शनिवार 4. एकूण 22 पाळ्या, म्हणजे 88 तास. दवाखाना बंद असेल त्या दिवसांपैकी 2, 20, 21 आणि 23 या तारखा तिच्या वारांना येतात. त्या चार पाळ्या शून्य धरल्या की 72. म्हणजे बंद दिवसाचे तास धरायचे की नाही, हे ठरल्याशिवाय 80 या आकड्याला अर्थच नाही. ते कागदावर लिहून ठेवा आणि महिना सुरू व्हायच्या आधी तिला दाखवा.

मी स्वतः असं करते. भरपगारी सुट्टी तिच्या नेहमीच्या वारी आली तर त्या दिवसाचे चार तास भरले असं धरायचं. तिच्या वारी आली नाही तर काही धरायचं नाही आणि काही कापायचंही नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि परस्पर संमतीने ठरवलेल्या चार सणांच्या. मोजकी माणसं असलेल्या दवाखान्याला त्या कायद्याची बरीचशी कलमं लागू होत नाहीत. तरी सुट्ट्यांची यादी करायला हाच पाया घ्यावा असं मला वाटतं, कारण तो दोघांनाही वाजवी वाटतो. तुमच्या चार सणांत लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज आहेत असं धरून पुढे जाते. त्याप्रमाणे 2, 21 आणि 23 चे मिळून 12 तास जमा होतात. 22 ला बुधवार आहे, तो तिचा वारच नाही. 20 तारीख मात्र तुम्ही तुमच्या सोयीने बंद ठेवताय. तो दिवस भरपगारी सुट्टीत मोजायचा नसेल तर निदान आधी सांगा, म्हणजे ते चार तास महिन्यात दुसरीकडे लावता येतील. दरवाजा आपण बंद करायचा आणि तास तिच्या नावावर कमी लावायचे, हे ऐन वेळी कळलं की फार लागतं.

आता मांडणीकडे येते. पाचही वार पक्के ठेवू नका. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार हे चार पक्के ठेवा आणि शनिवार भरणीचा. या चार वारांच्या पाळ्या कोणत्याही महिन्यात 16, 17 किंवा 18 यांपैकीच असतात, म्हणजे 64, 68 किंवा 72 तास. मग 80 व्हायला अनुक्रमे चार, तीन किंवा दोन शनिवार लागतात. आणि शनिवार तर प्रत्येक महिन्यात निदान चार असतातच. म्हणजे सुट्ट्यांची अडचण नसेल तर 80 चा आकडा दर महिन्याला तंतोतंत बसतो, उरलेले शनिवार तिचे. पक्के वार ठरलेले असल्यामुळे तिला आपलं आयुष्य त्याभोवती लावता येतं. हलतो तो फक्त शनिवार, आणि कोणते शनिवार लागणार ते महिनाभर आधी सांगता येतं.

पक्क्या पाळ्या बोटांवर मोजायची गरज नाही. गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये हे चालतं:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,10,1),DATE(2025,10,31),"0010011")
```

शेवटच्या अवतरणातले सात आकडे सोमवारपासून रविवारपर्यंतचे आहेत. 0 म्हणजे कामाचा वार, 1 म्हणजे नाही. इथे बुधवार, शनिवार, रविवार बंद आहेत. ऑक्टोबरसाठी उत्तर 18 येतं. पुढच्या महिन्यासाठी फक्त दोन तारखा बदलायच्या.

आता तुमचा ऑक्टोबर लावून दाखवते.

पक्क्या पाळ्या 18, म्हणजे 72 तास. त्यात भरपगारी सुट्टीचे 12 आहेत, ते तसेच राहू द्या. 20 चा सोमवार बंद, चार गेले: 68. 24 चा शुक्रवार ती गावी, आणखी चार गेले: 64. म्हणजे शनिवारांतून 16 तास काढायला हवेत, चार शनिवार. पण 25 च्या शनिवारी ती नाही. 4, 11 आणि 18 हे तीन शनिवार धरले की 76 होतात. चार तास कमी पडतात.

हे चार तास कुठे टाकायचे, इथे विचार करावा लागतो. बुधवार मागणं सोपं वाटतं, पण तो तिचा क्लासचा दिवस आहे. एकदा मागितला की दर अडचणीला तोच मागितला जातो, म्हणून मी त्याला हात लावत नाही. महिनाअखेरचे दिवस लांबवणंही टाळते, कारण तिथे आधीच काही गडबड झाली तर सावरायला जागा लागते. मी 13 ते 17 च्या आठवड्याकडे बघेन. दवाखाना चार दिवस बंद राहणार म्हणजे त्याआधी कॅप बसवायच्या, रूट कॅनालच्या पुढच्या बैठका पुढे-मागे करायच्या, दुखणं अंगावर काढू नका म्हणून रुग्णांना फोन करायचे. हे काम संध्याकाळच्या गर्दीत होत नाही. म्हणून 13, 14, 16 आणि 17 या चार दिवशी तिला 5 ऐवजी 4 वाजता बोलवा. चार दिवस, रोज एक तास. वाढवलेल्या तासाला खरं काम असलं पाहिजे, नाहीतर ती खुर्चीवर बसून राहते आणि तुम्हालाही ते पैसे डोळ्यांत खुपतात. 18 ला शनिवार आहे, पण धनत्रयोदशीही आहे; त्या दिवशी जादा वेळ मागू नका, उलट तिला घरी दिवे लावायला लवकर जायचं असेल तर पाळी सकाळी लावता येईल का ते आधीच विचारा.

आता 80 जुळले. त्यातले प्रत्यक्ष कामाचे 68: पक्क्या 13 पाळ्यांचे 52, तीन शनिवारांचे 12 आणि वाढीव 4.

हा चार्ट तयार झाला की मी त्यावर दर शनिवारच्या तारखेपुढे तोपर्यंत जमलेले असायला हवेत असे तास लिहून ठेवते. तुमच्या महिन्याचे आकडे असे येतील:

4 ऑक्टोबर: 12
11 ऑक्टोबर: 32
18 ऑक्टोबर: 56
25 ऑक्टोबर: 64
31 ऑक्टोबर: 80

पहिल्या आठवड्यात 12 आणि दिवाळीच्या आठवड्यात फक्त 8 वाढलेत, ते सुद्धा जमा धरलेले. ज्याला सगळे आठवडे सारखे वाटतात तो 4 तारखेला घाबरतो आणि 18 तारखेला निर्धास्त होतो. दोन्ही वेळा चुकीचं. आकडा "आत्ता किती झाले" हा नाही, "आत्ता किती असायला हवे होते" त्याच्याशी ताडून बघायचा. शनिवारी दवाखाना बंद करताना मस्टर उघडून दोन मिनिटांत हे होतं.

समजा 14 तारखेला तिला ताप आला आणि खाडा पडला. त्या दिवशीचे पाच तास गेले. 18 ला मस्टरवर 56 ऐवजी 51 दिसतील. पुढे काय करता येतं? दिवाळीचे 8 जमा होणारच आहेत, म्हणजे 59. उरले 21 तास, आणि हातात आहेत 27, 28, 30 आणि 31 या चार पाळ्या. त्या सगळ्या एकेक तासाने लांबवल्या तरी 20 होतात. म्हणजे तिने कितीही ओढाताण केली तरी एक तास कमीच पडणार. खाडा मध्यावरच पडला होता, पण महिन्याच्या उत्तरार्धात दिवसच कमी असल्यामुळे तो भरून निघत नाही. ऑक्टोबरसारख्या महिन्यात हा धोका 1 तारखेलाच दिसतो. तिच्या सगळ्या शक्य पाळ्या जास्तीत जास्त किती लांबू शकतात ते मोजायचं: 16 पाळ्या, प्रत्येकी पाच तास, म्हणजे 80. काम हवं 68. वरची जागा 12 तासांची, आणि ती बहुतेक पहिल्या पंधरवड्यात आहे. म्हणून अशा महिन्यात खाडा कळला त्याच दिवशी फेरमांडणी करायची, शनिवारची वाट बघायची नाही.

अर्थात तिला आजारपणाची भरपगारी रजा देत असाल तर ते तास सरळ जमा धरा आणि विषय संपवा. देत नसाल तर मी 27 तारखेला एकच तास वाढवेन (चार दिवसांनी दवाखाना उघडल्यावर फोन खणखणत असतात, शिवाय आधीचा आठवडाभर ती नसल्याने फाइली लावायच्या असतात) आणि उरलेले चार तास नोव्हेंबरवर टाकेन. नोव्हेंबर 2025 मध्ये पक्क्या पाळ्या 16 आहेत, म्हणजे 64 तास, आणि शनिवार पाच. चार शनिवारांत 80 होतात, पाचवा मोकळा राहतो. तोच या चार तासांचा. फक्त शेवटचा, 29 चा शनिवार त्यासाठी ठेवू नका. 1 नोव्हेंबरच्या शनिवारीच मागचे चार तास फेडून टाका. जुनी बाकी महिनाभर डोक्यावर राहिली की दुसऱ्या खाड्याला तिची संख्या आठ होते आणि मग कोणालाच आठवत नाही कुठले कधीचे.

पुढच्या महिन्यावर ढकलायला मर्यादा हवी. मी एका पाळीएवढी, म्हणजे चार तासांची ठेवते, दोन्ही बाजूंनी. चारपर्यंत कमी असेल तर पगार कापायचा नाही, पुढे भरून घ्यायचं. चारपर्यंत जास्त असेल तर पुढच्या महिन्यात एक शनिवार सोडायचा. त्यापलीकडे गेलं तर त्याच महिन्यात पैशांत मिटवायचं: जास्तीचे तास झाले तर त्यांचे पैसे द्यायचे, उद्या-परवा करायचं नाही. ही बाकी मस्टरवर त्या महिन्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहायची आणि दोघांनी सही करायची.

बरीच वर्षं मी बाह्यरुग्ण विभागाच्या ड्युट्या लावल्या आहेत, आणि सुरुवातीला एक चूक माझ्याकडून झाली होती. एका रुग्णालयात एका अर्धवेळ मुलीचे तास मी महिनाभर बघितलेच नाहीत. 21 तारखेला लक्षात आलं की 34 तास राहिलेत. नऊ दिवसांत तिला रोज बोलावून ते भरून घेतले. कागदावर महिना पूर्ण झाला. तिने मात्र पुढच्या महिन्यात कॉलेजच्या परीक्षेचं कारण सांगून काम सोडलं, आणि तिचं बरोबर होतं. तास तिचे राहिले नव्हते, माझ्या मांडणीतून राहिले होते. तेव्हापासून शेवटच्या आठवड्यात कोणाचीही नेहमीपेक्षा जास्त पाळी मी मुळातच लावत नाही. ती जागा खाड्यासाठी.

एक गळती अजून सांगते, जी चार्टमध्ये कधीच दिसत नाही. 9 ला सुटायची वेळ, पण शेवटचा रुग्ण खुर्चीवर असतो, बिल करायचं असतं, शटर ओढायचं असतं. रोज पंधरा मिनिटं जातात. 16 पाळ्यांत ते चार तास होतात, म्हणजे एक पूर्ण पाळी. तुमचा 88 चा एखादा महिना यातूनही आला असेल. म्हणून मस्टरवर "5 ते 9" असं छापील लिहू नका. आली कधी आणि गेली कधी ते रोज लिहायला सांगा, पाव तासाच्या मापाने. आठवड्यात एक तासाच्या वर असं जादा जमलं तर पुढच्या आठवड्यात एका दिवशी तेवढं उशिरा बोलवा. किंवा तिची वेळ कागदावरच सव्वानऊपर्यंत धरा आणि एखादा शनिवार कमी करा.

शीटमध्ये बेरीज करत असाल तर दोन ठिकाणी घोटाळा होतो. 3 तास 45 मिनिटं हे 3.45 नाही, 3.75 आहे, अशा दहा-बारा नोंदी चुकल्या की तीन-चार तास कुठे गेले कळत नाही. त्यापेक्षा येण्याची वेळ B मध्ये, जाण्याची C मध्ये लिहा, उत्तराच्या सेलचा फॉरमॅट वेळेचा नाही तर साध्या संख्येचा ठेवा आणि तास असे काढा:

```
=(C2-B2)*24
```

दुसरं, वेळेच्याच रूपात बेरीज केली तर 24 तासांनंतर आकडा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. 68 तास झाले असतील तर सेल 20:00 दाखवेल, आणि बघणाऱ्याला वाटेल मुलगी आलीच नाही. त्या सेलचा फॉरमॅट `[h]:mm` करा, म्हणजे 68:00 दिसेल.

हा सगळा चार्ट तिला 25 सप्टेंबरच्या आसपास दाखवा आणि तिच्या समोरच 13 ते 17 चे चार वाढीव तास वाचून दाखवा, कारण क्लास नसला तरी त्या दिवशी दुपारी 4 ला पोचता येतं का हे तिलाच ठाऊक. एखादा दिवस जमत नसेल तर तो तास 9 किंवा 10 तारखेला सरकवा. 27 नंतर मात्र सरकवू नका. नोव्हेंबरच्या पाच शनिवारांपैकी कोणता मोकळा सोडायचा तेही त्याच वेळी तिच्याकडूनच ठरवून घ्या, फक्त 1 तारखेचा सोडून.